टाकीवरचा चोर

आमचे सासरे दामाजी हे डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि पहाटे पंप चालू करायचा मान फक्त त्यांचा. पंपाला टायमर बसवू असं कुणी म्हटलं, की ते सांगतात, "यंत्राचा भरवसा नाही." आणि मग मोबाइलवर अलार्म लावून झोपतात.

रात्रभर फोन चार्जिंगला ठेवला की तो फुटतो, हे ज्ञान त्यांना व्हॉट्सॲपवरून मिळालेलं आहे. त्यामुळे झोपण्याआधी फुल चार्ज, मग वायर काढून प्लगचं बटण बंद. हल्ली मात्र सकाळी फोन मेलेला असायचा. अलार्म नाही, पंप उशिरा, आणि अंघोळीच्या वेळी अख्ख्या बिल्डिंगच्या नळातून नुसती हवा. बाबांनी कारण शोधूनही ठेवलं होतं: सर्वात वरच्या मजल्यावरचा महिपत रात्री टाकीचं पाणी चोरतो. पुरावा काय, तर गच्चीचा दरवाजा त्याच्या घराजवळ आहे.

"रविवारच्या मीटिंगमध्ये नाव घेऊन विचारणार आहे मी त्याला," बाबा म्हणाले.

मी कामावर जाते तेव्हा माझी सान्वी महिपतकाकांच्या बायकोकडे, शेवंतीकाकूंकडे असते. तिथेच जेवते, तिथेच झोपते. ज्या माणसाला भरसभेत चोर म्हणायचं, त्याच्याच बायकोच्या मांडीवर सोमवारी सकाळी नात कशी नेऊन ठेवायची, याचा विचार सेक्रेटरींनी केलेला नव्हता.

"बाबा, आधी तुमचा फोन बघू या," मी म्हटलं.

"फोनचा काय संबंध? बॅटरी म्हातारी झालीये. माझ्यासारखी."

बॅटरी म्हातारी असती तर दिवसाही तशीच उतरली असती. दिवसा तर हे गृहस्थ तासन्‌तास भजनं ऐकायचे आणि तरी ती टिकायची. त्यांनी स्वतःचे उपाय करून झाले होते. स्क्रीन इतकी अंधारी केली होती की नंबर दिसेना, आणि वॉलपेपरवरचा देव काढून काळा रंग लावला होता. देवाला बॅटरी लागते, अशी त्यांची समजूत.

त्या रात्री मी फोन एअरप्लेन मोडवर टाकला. अलार्मला नेट लागत नाही, तो वाजतोच. सकाळी बॅटरी जवळपास जशीच्या तशी होती. पंप वेळेवर चालू झाला आणि नळाला धो धो पाणी आलं.

"महिपत गावाला गेला असणार," बाबा म्हणाले.

महिपतकाका तेव्हा जिन्यात पेपर वाचत उभे होते.

मला एवढं कळलं, की बॅटरी खाणारं जे काही होतं, ते नेटवर जगत होतं. पुढच्या रात्री फोन नेहमीसारखा ठेवला, आणि सकाळी तो नेहमीसारखा मेला. चार्ज करून सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर उघडला. रात्रभर आलेख सरळ उतरत गेलेला, आणि ॲपच्या यादीत पहिल्या नंबरवर एक कॅमेऱ्याचं ॲप. स्क्रीनवर वापर जेमतेम, बॅकग्राउंडमध्ये रात्रभर.

"हे काय आहे, बाबा?"

बाबा जरा खाकरले. गणपतीत घरोघर पाहुणे असताना टाकी एकदा आटली होती. तेव्हापासून संशयाने त्यांनी गच्चीवर टाकीसमोर स्वतःचा कॅमेरा बसवला होता, कुणालाही न सांगता. काही हललं की फोनवर सूचना यायची आणि क्लिप उतरायची. झोपमोड नको म्हणून आवाज बंद, आणि चोर निसटू नये म्हणून ॲपला बॅटरी हवी तेवढी खायची परवानगी.

"मग क्लिपा बघितल्या का?"

"इतक्या येतात, कोण बघणार? म्हणजेच तो रोज येतो."

मी एक क्लिप उघडली. रात्रीची करडी गच्ची, टाकी, आणि दोरीवर वाऱ्याने फडफडणारा पंचा. दुसरी उघडली, पंचा. तिसरी, पंचा. एका कोपऱ्यावर सान्वीने मार्करने काढलेलं बदक स्पष्ट दिसत होतं. पंचा बाबांचाच होता, विचारायची गरज नव्हती.

चौथी क्लिप बाबांनी स्वतः उघडली. पंचाच. मला हसू आवरत नव्हतं आणि त्यांची दयाही येत होती.

मी ॲपचा बॅकग्राउंड वापर बंद केला, हालचालीच्या सूचनाही बंद केल्या. पंचा त्यांनी स्वतः जाऊन काढून आणला. त्यानंतर फोन रात्रभर टिकू लागला.

रविवारी मीटिंगमध्ये सेक्रेटरी उभे राहिले. माझा जीव टांगणीला.

"पाण्याची तक्रार मिटलीये. फोनमध्ये तांत्रिक बिघाड होता, मी शोधून काढला," ते म्हणाले.

मी शोधून काढला. ठीक आहे, घ्या.

सोमवारी पहाटे पंप चालू करायला गेलेले बाबा घरी परतलेच नाहीत. मी सान्वीला घेऊन वर गेले, तर बाबा शेवंतीकाकूंच्या दारात उभे.

"वहिनी, पाणी आलंय. आधी तुम्ही भरून घ्या," ते म्हणत होते.

"दामाजीभाऊ, आज इकडे कसे?" काकूंनी विचारलं.

बाबांनी सान्वीला माझ्याकडून घेतलं आणि काकूंच्या हातात दिलं.

"हिला सोडायला आलो," ते म्हणाले.