हातांनी सांगितलेली उंची

माझ्या नवऱ्याचा एखाद्या आकड्यावर विश्वास बसला की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी तो ऐकत नाही.

सासूबाईंना ना साखर ना रक्तदाब. पाठीला पोक आलेलं आणि गुडघे कुरकुरायचे, एवढंच. तपासणीच्या वेळी नर्सनं त्यांना भिंतीवरच्या पट्टीखाली उभं केलं. टाचा भिंतीला टेकल्या, डोकं काही टेकेना. उंची भरली एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, वजन सहासष्ट किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तीसच्या वर. म्हणजे लठ्ठ.

"आई, वजन उतरवायलाच हवं," नवरा म्हणाला.

"अरे, माझे जुनेच कपडे होतात मला. उलट खाली लोळायला लागलेत."

ऐकतो कोण? रात्रीचं जेवण बंद झालं, पातळ सूप आलं. मी भांडले. "म्हातारपणी तोंड शिवतोस का त्यांचं?"

"तू डॉक्टर आहेस का?" विषय संपला. सासूबाई मात्र लेकाच्या शब्दाबाहेर नव्हत्या. माझ्या हातचा चोरून दिलेला घासही घेईनात.

वर्षभरात चार किलो उतरले. पुन्हा मोजलं तर उंची एकशे पंचेचाळीस! त्यामुळे इतकी उपासमार होऊनही बीएमआय जेमतेम तीसच्या खाली आला. "अजून खूप उतरवायचंय," म्हणत त्यानं न्याहारीही अर्धी केली. मला त्याचा मनापासून राग आला. तो आईवर जीव टाकतो, म्हणून जास्तच आला.

मग सासूबाई न्हाणीघराच्या दारात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात वृद्धांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचे दंड चाचपले. "स्नायू कुठे गेले यांचे?" नवऱ्यानं बीएमआयची कथा सांगितली. त्यांनी टेप काढून सासूबाईंच्या गळ्याखालच्या खळगीपासून आडव्या ताणलेल्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं आणि त्याची दुप्पट केली. एकशे अठ्ठावन्न.

"हाडं ठिसूळ झाली की मणके दबतात, पाठ वाकते, उंची कमी होते. हात तेवढेच राहतात. तरुणपणी यांची उंची साधारण एवढी असणार. त्या उंचीवर सहासष्ट किलो म्हणजे बीएमआय सव्वीस. या वयाला ठीकच. तुम्ही चरबी उतरवायला गेलात आणि ताकद उतरवलीत."

नवरा खाली मान घालून ऐकत होता. इतकी वर्षं मी त्याला निरुत्तर करायला धडपडले, पण त्या क्षणी मला अजिबात बरं वाटलं नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. पण पोटात अन्न गेलं नाही, तर त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं.

नवरा मऊ भात घेऊन उशाशी बसला. "आई, एक घास. माझ्यासाठी."

त्यांनी एक घास घोळवला आणि रुमालात काढून टाकला. मग त्याचा चेहरा पाहून त्याच्या हातावर थोपटलं.

"भूक लागतच नाही रे आता," त्या समजूत घालत म्हणाल्या. "पहिले काही महिने फार लागायची. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."