रविवारची आई

पासवर्ड चुकीचा आहे. चौथ्यांदा.

"आई, कॅप्स लॉक बघ."

"बघितला."

"ई-मेल नीट टाकलास?"

"अगं, पस्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली मी. माझा ई-मेल मला टाकता येतो!"

सकाळचे साडेदहा वाजले होते. दुपारी तीनला आईची मुद्रितशोधकाची परीक्षा होती, घरूनच, ऑनलाइन. त्यासाठी दोन वर्षं ती जुने छापील कागद लाल पेनानं रंगवत बसली होती. परीक्षेच्या साइटचा पासवर्ड आमच्या पासवर्डांच्या तिजोरीत, तिजोरी डबीत, आणि डबी सकाळी मेली.

डबी म्हणजे चपलांच्या कपाटावर ठेवलेला छोटा कॉम्प्युटर, आमचा घरचा सर्व्हर. हे नाव बाबांनी ठेवलेलं. आम्हा तिघांचे सगळे पासवर्ड तिच्यात, कुलूपबंद करून. परक्याच्या दारात आपल्या किल्ल्या कशाला, म्हणून हट्टानं मीच बसवली होती. ऑफिसात दिवसभर हेच काम करते, तर घरी का नको? आज तिच्या डिस्कनं मान टाकली. परीक्षेच्या साइटवर सूचना होती, परीक्षेच्या दिवशी पासवर्ड बदलून मिळणार नाही. त्यांचा फोन लागेल तर शपथ.

तरी मी घाबरले नव्हते. दर रविवारी मी डबीचा बॅकअप काढते, वेगळ्या डिस्कवर, आणि नुसता काढून ठेवत नाही, जुन्या लॅपटॉपवर उघडून बघते. न उघडून बघितलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा, असं ऑफिसात मीच सगळ्यांना ऐकवते. तासाभरात रविवारचा बॅकअप त्या लॅपटॉपवर चढवला होता. माझा पासवर्ड टाकला, उघडलं. बाबांना बोलावलं, त्यांचंही उघडलं.

आणि आईचं उघडेना. फाइल एकच, मग दोन माणसं आत आणि तिसरं बाहेर, हे कसं? बॅकअप बिघडला असेल तर पूर्ण बिघडेल ना, आईपुरताच कसा बिघडेल? मी डेटाबेस तपासला. एकही चूक नाही. आईचं खातं जागच्या जागी. परत चढवला. परत तेच.

"तुझ्याकडून नाही का उघडत? तूच तर मालकीण," आई म्हणाली.

"नाही उघडत. तुझं कुलूप तुझ्याच पासवर्डनं निघतं. माझ्याकडे फक्त बंद पेटी असते."

"मग काय उपयोग तुझा!"

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. काही कळतच नव्हतं. "तुझ्या फोनमध्ये तरी आहे का? बोटानं उघडायचीस ना?"

"फोननं मला बुधवारीच बाहेर काढलं."

"बाहेर काढलं? असं कसं?"

दारात बाबा उभे होते. ती दोघं बुधवारपासून एकमेकांशी बोलत नव्हती, हे सांगायचं राहिलंच. बुधवारी जेवताना बाबा म्हणाले होते, "या वयात परीक्षा देऊन काय दिवे लावणार आहेस?" बस्स. त्यानंतर मीठसुद्धा माझ्यामार्फत मागितलं जात होतं.

"आई, बुधवारी काय केलंस?"

"पासवर्ड बदलला," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तुझ्या वडिलांवरचा होता. नकोसा झाला मला."

मी डोक्यावर हात मारून घेतला. पासवर्ड बदलला की सगळी उपकरणं बाहेर पडतात, म्हणून फोन गेला. आणि बॅकअप रविवारचा!

"अगं, या बॅकअपमध्ये बुधवार उजाडलेलाच नाही. यात तू रविवारची आहेस. नवा पासवर्ड याला माहीतच नाही. जुना टाक!"

आईचा चेहरा पडला. "जुना मला नीट आठवत नाही."

"बुधवारी टाकलास की. बदलताना जुना विचारतोच तो."

"चिठ्ठीत बघून टाकला."

"मग काढ चिठ्ठी."

"फाडली."

बाबा पहिल्यांदा हलले. "कुठली चिठ्ठी?" त्यांनी मला विचारलं.

"सांग त्यांना," आई मला म्हणाली, "वाचनालयाच्या टेबलावर ठेवून गेले होते ती. लग्नाआधीची."

बाबा खुर्चीवर बसले. मग मलाच म्हणाले, "उशीर झाला तरी थांबेन. एवढंच होतं त्यात."

"मग हेच टाक ना, आई!"

"ते टाकून बघितलं मी आत्ताच!" आईचा आवाज फुटला. "पण तसं नव्हतं ते. यांनी लिहिलेलं होतं. चुका होत्या त्यात. मी मुद्दाम तसाच ठेवला होता पासवर्ड, चुकांसकट. आता माझा हात आपोआप शुद्ध लिहितो. कुठला ऱ्हस्व, कुठला दीर्घ, काही म्हणजे काही आठवत नाही मला!"

एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी कुलूप निघणार नव्हतं. आईनं 'उशिर' करून पाहिला, 'थांबेण' करून पाहिलं. मी कागदावर सगळे प्रकार मांडायला घेतले आणि माझाच गोंधळ उडाला. पाऊण वाजला. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे. या वयात नाही तरी काय दिवे लावणार होते मी."

बाबा ताडकन उठले. "बाबा, म्हणून दाखवा परत," मी म्हटलं.

"म्हणून काय उपयोग? ऱ्हस्व काय, दीर्घ काय, माझ्या तोंडून सारखंच निघतं." त्यांनी आईचं लाल पेन उचललं, माझा कागद उलटा केला आणि एका दमात, विचार न करता लिहिलं: ऊशिर झाला तरि थांबेन.

आईनं कागद हातात घेतला. "तीन चुका," ती म्हणाली. मला नाही, त्यांना.

"चाळीस वर्षं झाली. सुधारायला तू कधी सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतंत का?"

तिनं कागदाकडे बघत एकेक अक्षर टाकलं. स्क्रीनवर चाक फिरलं, आणि तिची सगळी यादी समोर उभी राहिली, परीक्षेची साइट तिसऱ्या ओळीत. मी चक्क ओरडले.

अडीचला आई खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाबांनी बाहेर खुर्ची टाकली. दारावरची बेल काढून ठेवली. मी खोकले तर माझ्यावर डोळे वटारले. परीक्षा दोन तासांची होती, पण उत्तरं साइटवर चढवता चढवता आई साडेपाचला बाहेर आली. बाबा तिथेच.

"अजून बसलाय? जेवलात का?"

"नाही."

"उशीर झाला मला," आई म्हणाली. बाबा नुसतेच हसले.

संध्याकाळी डबीत नवी डिस्क घातली, बॅकअप चढवला. आता रोज बॅकअप आणि तपासणी तिघांच्याही खात्यांची, असं मी बजावलं. "आणि आई, बुधवारचा तो नवा पासवर्ड परत लावायचा का?"

"नको," ती म्हणाली. लाल अक्षरांचा कागद घडी घालून तिनं कपाटात ठेवला होता. मी लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला. कागद न काढता तिनं तिन्ही चुका न चुकता टाइप केल्या.