नवव्या दिवशी परत

बायको गेल्याचा फोन आला त्या दिवशी सकाळी मुलीचे केस ओले होते. शाळेतून उवा आल्या म्हणून बायकोने डोक्याला काहीतरी लावलं, धुतलं, वेणी घातली आणि कामावर गेली. दुपारी ती कामावरच कोसळली. पुढे घरात कोण काय करत होतं, हे कुणाला आठवत नाही.

पंचविसाव्या दिवशी शाळेतून फोन आला. मुलीच्या डोक्यात उवा आहेत, औषध करून पाठवा.

मुलीचा बाप लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याने न्हाणीघरातली स्वतःची औषधी शाम्पूची बाटली उचलली. औषधी ते औषधी. फेस करून वीस मिनिटं ठेवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. उवा मात्र मजेत.

तिसऱ्या दिवशी त्याची थोरली बहीण आली ती कात्री घेऊनच. मुलीचे केस कमरेपर्यंत. ते आईने वाढवले होते. आत्याला पाहताच मुलीने न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली.

बहिणीचं म्हणणं सरळ होतं. औषधं करून झाली, पोर रात्रभर खाजवते, केस काय पुन्हा येतील. दारामागून आवाज आला, "आई कुठे पुन्हा येणार आहे?" बहीण दारापासून मागे सरली. पण कात्री टेबलावरच राहिली. उद्या सकाळपर्यंत थांबते, म्हणाली.

तो बाटली खिशात घालून औषधाच्या दुकानात गेला. दुकानातल्या बाईने बाटली फिरवली आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "किटोकोनॅझोल, दोन टक्के. हे कोंड्याचं, बुरशीवरचं. उवांची याने नुसती आंघोळ होते."

त्याने विचारलं, मग माझा कोंडा का जात नाही? किती वेळ ठेवता, असं तिने विचारलं. लावलं की धुतो, तो म्हणाला. तीन ते पाच मिनिटं ठेवायचं असतं, इथेच लिहिलंय, तिने दाखवलं. बायको सहा वर्षं हेच ओरडत होती. मशीनवरची पाटी वाचल्याशिवाय बटणाला हात न लावणारा माणूस तो, बाटली कधी वाचली नव्हती.

बाईने जांभळा खोका पुढे ठेवला. उवांचं औषध, पर्मेथ्रिन, एक टक्का. खोका बघून तो थबकला. हा घरात होता.

बायकोच्या फळीला त्याने त्या दिवसापासून हात लावला नव्हता. तेलामागे खोका सापडला, अर्ध्याहून जास्त भरलेली बाटली. मुदत संपायला वर्ष होतं. खोक्याच्या झाकणाखाली बायकोने पेनाने लिहिलं होतं: दहा मिनिटं. नवव्या दिवशी परत.

नववा दिवस. तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. खोक्यातल्या पत्रकात लिहिलं होतं की औषधाने उवा मरतात, अंडी सगळी मरत नाहीत, उरलेल्यांतून पिल्लं निघतात, म्हणून दुसऱ्यांदा लावायचं. बायकोचं काही चुकलं नव्हतं. अर्धं काम तेवढं राहिलं होतं.

त्याने दारापाशी बसून मुलीला ते अक्षर वाचून दाखवलं. थोड्या वेळाने कडी निघाली.

साध्या शाम्पूने केस धुतले, टॉवेलने टिपले. डोळ्यांवर घडी केलेला कपडा तिने स्वतःच धरला. कानांमागे, मानेवर, मुळाशी त्याने लोशन चोळलं आणि घड्याळ समोर ठेवलं. बहीण दारात उभी. सातव्या मिनिटाला म्हणाली, तासभर राहू दे की, एकदाच निकाल लागेल.

"दहा म्हणजे दहा, ताई."

दहाला धुतलं. बारीक दातांची फणी पांढऱ्या कपड्यावर झटकली. चार उवा निपचित, पाचवीचे पाय हलत होते. बहिणीने बोट दाखवलं. "ही बघ. जिवंत आहे." तिचा हात टेबलाकडे गेला. मुलीने दोन्ही मुठींत केस धरले.

त्याचा हात लोशनच्या बाटलीकडे गेला. पुन्हा लावावं, असं मनात आलं. पण मंद हलणाऱ्या उवा मरायला लागलेल्या असतात, लगेच दुसऱ्यांदा लावू नका, आठ-बारा तासांनी पाहा, असं दुकानातल्या बाईने बजावलं होतं. त्याने कात्री उचलून खिशात टाकली. "सकाळपर्यंत म्हणालीस ना."

सकाळी उजेडात त्याने एकेक बट घेऊन केस विंचरले. कपड्यावर पडल्या त्या सगळ्या मेलेल्या. बहिणीने चष्मा लावून दोनदा पाहिलं, मग म्हणाली, "तुझा कोंडाही दिसतोय बरं का इथून." मुलगी हसली. शाळेत गेली, केसांसकट.

त्याने बायकोच्या अक्षराखाली पुढची तारीख लिहिली. दुसऱ्यांदा लावायचं अजून आहे, आणि वेणी घालायला तो अजून शिकलेला नाही.