बिनखिडकीचं बाथरूम

लेक मोठ्या कौतुकाने बाथरूमसाठी काळी चकचकीत टाइल घरी घेऊन आला. आक्कांनी ती हातात घेतली, नाकासमोर धरली आणि विचारलं, "अक्कल घरी ठेवून गेला होतास, की दुकानात विसरून आलास?"

तीस वर्षं आक्कांनी एका हॉटेलातली बाथरूमं घासली होती. काळ्या टाइलवर साबणाचा एकेक थेंब कसा पांढरा डाग धरतो, हे त्यांच्या मनगटांना ठाऊक होतं. पण घरात त्यांना विचारतो कोण?

"आई, रिच लुक येतो. आणि यावर लाल टॉवेल!"

"खिडकी नाही, चार फूट बाय सहा फूट जागा. रिच लुक कशाला म्हणतोस, भुयार म्हण."

सूनबाई गालात हसली. लेकाचं नाक फुगलं. "दुकानात किती छान दिसत होती!"

"दुकानात डोक्यावर वीस दिवे होते. तुझ्या डोक्यावर एकच आहे, आणि तोही मिणमिणता."

आक्का टाइल घेऊन तरातरा बाथरूममध्ये गेल्या, ती भिंतीला टेकवली, लेकाला आत ढकलून दार लावलं आणि दिवा लावला. "सांग, काय दिसतंय?"

आतून कोपर भिंतीला आपटल्याचा आवाज आला. मग, "जरा कोंदट वाटतंय."

"जरा?"

दुसऱ्या दिवशी आक्का स्वतः दुकानात गेल्या. विक्रेत्याने आधी गुलाबी फुलांची टाइल पुढे केली. त्यांनी ती बोटाने मागे सरकवली. मग निळ्या छटेचा पांढराशुभ्र नमुना आला. "हा ठेवा दवाखान्याला." अखेर दुधाळ पांढरी, किंचित पिवळसर झाक असलेली, चकाकणारी मोठी टाइल त्यांनी निवडली. फटी भरायला त्याच रंगाचा मसाला, म्हणजे भिंतीवर चौकटींचं जाळं दिसणार नाही. जमिनीला फिकट वाळूच्या रंगाची खरखरीत टाइल, पाय घसरू नये म्हणून.

"छतापर्यंत लावायची," त्यांनी मिस्त्रीला बजावलं. "मध्येच वेगळ्या रंगाचा पट्टाबिट्टा काढलास तर तुझा तूच खरवडून काढशील."

"आणि पंखा?" मिस्त्रीने विचारलं.

"नुसत्या रंगाने वाफ बाहेर जाते काय रे? वरती एक्झॉस्ट लाव." मिणमिणता दिवाही त्यांनी बदलून घेतला.

टॉवेल त्यांनी कोवळ्या पिस्ता रंगाचे आणले, सगळे एकाच छटेचे. लाल टॉवेल लेकाने तरीही आणले होते. पहिल्याच धुण्यात त्या टॉवेलांनी बादलीभर पाणी लालभडक केलं. आक्का ती बादली तशीच त्याच्यासमोर ठेवून आल्या.

महिन्याने लेकाचा मित्र आला. बाथरूममधून बाहेर येऊन म्हणाला, "काय मोकळं वाटतंय रे! खिडकी नाही हे लक्षातच येत नाही. कुणी निवडलं?"

लेकाने छाती पुढे काढली. "अरे, लाईट शेड्स घ्यायच्या. टाइल नेहमी घरच्या दिव्याखाली बघून घ्यावी. दुकानात बघण्यात अर्थ नसतो."

सूनबाईने आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी एक पिस्ता टॉवेल खांद्यावर टाकला. "शिकला की पोपट," त्या म्हणाल्या आणि आंघोळीला निघून गेल्या.