आठाचा नऊ कुणी केला

ललिता भोयेनं मेमो दोनदा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला. सही केली नाही. संचालक देवरे सरांनी पेन पुढे केलं होतं, ते तसंच त्यांच्या हातात राहिलं.

मेमोत काय होतं, तर दिवाळीच्या सुट्टीत वायरी साफ करताना लॅब असिस्टंटच्या निष्काळजीपणामुळे कॉम्प्युटर लॅबचं इंटरनेट बंद पडलं आणि हे तिला मान्य आहे. मान्य आहे म्हणे. आणि मान्य केलं की करार तिथंच संपला, पुढच्या जूनची वाट बघायलाही नको. नाशिकच्या या डिप्लोमा कॉलेजात ललिता दीड वर्षापूर्वी लागली होती. सुरगाण्याच्या पाड्यावरून शिकून शहरात स्वतःच्या नावाची खुर्ची मिळवणारी ती घरातली पहिलीच. ती खुर्ची एका कागदावर सही करून सोडून द्यायची, तेही न केलेल्या चुकीसाठी? बाई काय वेडी नव्हती.

देवरे सरांची घाई मात्र खरी होती. दुपारी तीन वाजता मान्यतेची समिती येणार होती, आणि चाळीसच्या चाळीस मशीनवर इंटरनेट दिसलं नाही तर अहवालात शेरा पडणार होता. शेऱ्याच्या आधी खापर फोडायला डोकं तयार असलेलं बरं, असा साधा हिशेब. सर पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, माझ्या केबिनमध्ये नेट धो धो चालतंय, मग बिघाड तुझ्या लॅबमध्येच ना.

याच वाक्यावर ललिता सकाळपासून अडली होती.

सोमवारी सुट्टी संपून कॉलेज उघडलं तेव्हापासून लॅबचं असं झालेलं होतं, की अर्धं जग जागेवर आणि अर्धं गायब. प्रिंटरवर कागद निघत होते. सर्व्हरवरचे फोल्डर उघडत होते. या मशीनवरून त्या मशीनला हाक मारली की लगेच ओ येत होती. पण बाहेरची एक साइट उघडेल तर शपथ. मेल नाही, काही नाही. तिनं एकेक वायर हलवून पाहिली, स्विचचे दिवे मोजले. वायर तुटली असती तर प्रिंटरही गेला असता, आणि हे ती सरांना तीन वेळा सांगून बसली होती. सर ऐकायला बसलेच नव्हते.

तिला हे कोड्यासारखं वाटत नव्हतं, उलट ओळखीचं वाटत होतं. पाड्यावर कुणाला निरोप द्यायचा तर तुम्ही सरळ त्याच्या दारात जाता. पण निरोप नाशिकला द्यायचा असेल तर तो नाक्यावरच्या जीपवाल्याकडे द्यावा लागतो, पुढचं तो बघतो. कॉम्प्युटरचंही तेच. समोरचा पत्ता आपल्याच वस्तीतला असेल तर मशीन स्वतः जाऊन देतं. पत्ता वस्तीबाहेरचा दिसला की सगळं उचलून एकाच्या हवाली करतं, आणि त्या एकाला म्हणतात डिफॉल्ट गेटवे. गेटवे म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला तो राउटर. त्याचा नंबर प्रत्येक मशीनमध्ये लिहून ठेवावा लागतो. चाळीस मशीनमध्ये जूनमध्ये ललितानं स्वतःच्या हातानं लिहिला होता, १९२.१६८.०.८. आणि सकाळी त्या आठ नंबरला तिनं हाक मारली, तेव्हा पडद्यावर चार वेळा उत्तर आलं की वेळ संपली, कुणी बोललं नाही. सगळी लॅब नाक्यावर निरोप घेऊन उभी, आणि जीपच नाही.

तर राउटर मेला, असं म्हणायला हरकत नव्हती. पण तो राउटर सरांच्या खुर्चीमागच्या कपाटात कुलूपबंद, आणि सरांचं नेट चालू. मेला असता तर ते कसं चाललं असतं? सरांचं मशीन कुठल्या दरवाजानं बाहेर जात होतं, हे बघायला हवं होतं.

तिनं मागितलंच. म्हणाली, सर, तुमचं मशीन दोन मिनिटं द्या. सरांनी मान हलवली, नाही. वर म्हणाले, माझ्या मशीनला हात लावायचा नाही, आधीच काय कमी घोळ घातलाय. आणि बाजूला सोफ्यावर बसलेल्या धनराजकडे बघून हसले. धनराज हा सरांचा मेहुणा. कॉलेजला कॉम्प्युटर पुरवण्याचं आणि बघण्याचं कंत्राट त्याच्याकडे. पण धनराज हसला नाही. चहाचा कप त्यानं उगाच इकडून तिकडे सरकवला. आणि ललिताला तिथंच काय ते कळलं.

मग मात्र तिनं विचारलं नाही. टेबलाला वळसा घालून ती सरळ सरांच्या शेजारी गेली, उभ्यानंच कीबोर्ड ओढला आणि एक शब्द टाइप केला. देवरे सर अहो अहो करत उठेपर्यंत पडद्यावर चार ओळी आल्या होत्या. शेवटची ओळ होती डिफॉल्ट गेटवेची. १९२.१६८.०.९.

"आठाचा नऊ कुणी केला?" ललितानं विचारलं.

धनराजचा बांध फुटला, कारण खोटं पेलायलाही अंगात जोर लागतो आणि त्या बिचाऱ्याच्या अंगात तो नव्हता. झालं होतं असं की, सुट्टीत सरांचे ज्योतिषी आले होते. कॉलेजमध्ये प्रवेश कमी झाले, तर दोष कुठं म्हणून सगळं फिरून बघितलं. दारं, पाण्याची टाकी, आणि मग त्या कपाटातला राउटर. त्याचा नंबर आठवर संपतो हे ऐकून ते म्हणाले, हा तर शनीचा आकडा, कॉलेजचं सगळं येणं-जाणं शनीच्या दारातून? नऊ करा, मंगळाचा आहे, धडाडीचा आहे. पाडव्याच्या मुहूर्तावर धनराजनं राउटरचा नंबर नऊ केला. सरांच्या मशीनवरही नऊ केला. लॅबचं त्याला वाटलं, ती मशीन आपसूक शोधून घेतील. आणि कुणाला सांगायचं नव्हतं, कारण इंजिनीअरिंग शिकवणाऱ्या कॉलेजचा संचालक राउटरची पत्रिका बघतो हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील.

आता सांगा. मशीन आपसूक काहीच शोधत नाहीत. आठ लिहिलंय, आठच्याच दारात उभी राहतात, दोन दिवस काय, दोन वर्षं उभी राहतील. ललिताची कानशिलं तापली. दोन दिवस ती सगळ्यांसमोर चोर ठरली होती आणि हा माणूस सारं माहीत असून पेन पुढे करत होता.

सर सावरले. आवाज खाली आणून म्हणाले, नंबर नऊच राहील. तू चाळीस मशीन बदल, आणि हा कागद काही नाही, फक्त फाइलसाठी, सही कर. त्याच वेळी शिपायानं येऊन सांगितलं, समितीची गाडी आली.

"मशीन बदलते," ललिता म्हणाली. "सही करत नाही." मेमो मात्र तिनं उचलला आणि घडी करून बरोबर घेतला.

लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाची चाळीस पोरं बसलेली होती, नेट नाही म्हणून खेळ उघडून. ललितानं फळ्यावर मोठ्ठा आकडा लिहिला आणि कुठं जायचं, कुठल्या खान्यात काय आहे ते एकदाच सांगितलं. आठ खोडा, नऊ लिहा, बाकी कशालाही हात लावाल तर याद राखा. चाळीस कीबोर्ड एकदम वाजले. तेवढ्यात दारात समिती आली. अध्यक्षा होत्या मालेगावच्या हाजरा मॅडम, पांढऱ्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मागे देवरे सर, चेहऱ्यावर ओढून आणलेलं हसू.

एकेका पडद्यावर साइट उघडत गेली. पोरं आरडाओरडा करायला लागली. एक स्नेहलच तेवढी मागे राहिली. तिनं आठ खोडला होता आणि नऊ लिहायचा राहून खाना कोराच ठेवला होता. हाजरा मॅडम नेमक्या तिच्याच मागे येऊन थांबल्या. हे का चालत नाही, त्यांनी विचारलं. ललितानं तिथंच दाखवलं. सर्व्हरचं फोल्डर उघडलं, उघडलं. प्रिंटरला कागद पाठवला, गेला. बाहेरची साइट म्हटली की मशीन जागेवरच थबकलं. साइटच्या नावावरून तिचा नंबर सांगणारा सर्व्हरही बाहेरच, तिथंही जाता येत नाही. तिनं सांगितलं, खाना कोरा असला की बाहेरचं टपाल कुणाला द्यायचं हेच मशीनला माहीत नसतं, ते देतच नाही. खान्यात चुकीचा नंबर असला की देऊ बघतं, पण घेणारा कुणी नसतो. वस्तीतला कारभार दोन्ही वेळी सुरळीत, म्हणून फसायला होतं. मग स्नेहलकडून नऊ लिहून घेतला. साइट उघडली.

मॅडमनी समाधानानं मान हलवली. आणि मग विचारायला नको होतं ते विचारलं, की सुट्टीआधी चालू होतं तर नंबर बदलला कसा.

देवरे सर पुढे सरसावले. आमच्या लॅब असिस्टंटकडून, नवीन आहे, जरा अनवधानानं, असं त्यांचं सुरू झालं. गप्प राहिली तर जूनपर्यंत तरी खुर्ची होती. पण मग त्या खुर्चीवर बसायचं कुठल्या तोंडानं?

"नाही सर," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू येईल असं. "नंबर तुम्ही बदलायला लावलात. शनीचा होता म्हणून. मला सांगितलं असतंत, तर सोमवारीच चाळीस मशीन करून दिली असती."

हाजरा मॅडम देवरे सरांकडे बघत राहिल्या. सर छताकडे. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, काय ते कुणाला दिसलं नाही, आणि पुढच्या वर्गाकडे निघाल्या.

समितीचा फेरा संपत आला तेव्हा ललिता ऑफिसात गेली. आवकजावक बघणारे यादव भाऊसाहेब शिक्के पुसत बसले होते. तिनं मेमो उलगडला आणि सहीच्या जागेवर न लिहिता खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, मला मान्य नाही. राउटरचा नंबर माननीय संचालकांच्या आदेशावरून श्री. धनराज यांनी बदलला, लॅबला कळवलं नाही. आणि मग ठसठशीत सही केली. म्हणाली, भाऊसाहेब, हा मेमोचा खुलासा, आवक करून घ्या.

भाऊसाहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. समितीला गाडीपर्यंत सोडून देवरे सर तिथंच दारात येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, यादव, तो कागद इकडे द्या. आणि ललिताला म्हणाले, फाड तो, झालं गेलं विसरू, नाहीतर जूनमध्ये तुझा करार होत नाही.

"जूनला सात महिने आहेत सर," ललिता म्हणाली. "तोवर लॅब माझी आहे. पुन्हा दाराचा नंबर बदलायचा असेल, तर आधी मला सांगायचं."

कागद भाऊसाहेबांच्या हातात होता. कॉलेजात कागदावर आवक नंबर पडला की तो कुणाच्या बापाचा राहत नाही, फायलीचा होतो, हे तिघांनाही ठाऊक होतं. भाऊसाहेबांना निवृत्तीला चार वर्षं होती. त्यांनी सरांकडे बघितलं, ललिताकडे बघितलं, तारखेचं चाक आजच्यावर आहे ना ते तपासलं, आणि शिक्का मारला.