विसावी पाटी

२००८ साली जालन्यात, बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत, मी आणि रामकिसन मोबाईलचा गेम बनवत होतो. तो काविळीनं गेला आणि त्याचा अर्धा राहिलेला कोड माझ्या गळ्यात पडला.

तलवारीचा घाव बसला की राक्षसाच्या डोक्यावर आकडा उमटतो. झपकन वर जातो, मंदावतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकत विरून जातो. दर घावाला आकडा दाखवायला नवी पाटी बनवली तर फोन अडखळतो, म्हणून रामकिसननं वीसच पाट्या ठेवल्या होत्या. "पंगतीतल्या ताटांवानी, बेबीनंदा. धुवायचं अन् पुन्हा वाढायचं," तो मला म्हणायचा.

तो गेल्यावर गेम तपासताना विसाव्या घावाला आकड्याऐवजी 'रामकिसन' वर आलं. चाळिसाव्यालाही. पाटी बराबर फिरून येते का, हे पाहायला त्यानं एकीवर स्वतःचं नाव टाकलं होतं आणि काढायचं विसरला होता. मी चिडले. मेल्यावरही कामं मागं ठेवतो!

गेम दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला द्यायचा होता. मी कोडमधली ती नावाची ओळ खोडली आणि घाव मोजत गेले. विसाव्याला त्याच पाटीवर नावाऐवजी पंचवीसचा आकडा आला, डावीकडे सरकला, विरला.

ती पाटी पुन्हा येईपर्यंत मी आणखी वीस घाव घातले.