सरळ ओरखडा

आमच्या कमळाकरला एक खोड आहे. स्वतःच्या हातून काही बिघडलं, की त्याचं बोट लगेच दुसऱ्याकडे जातं. बशी फुटली तर बशीच निसरडी होती. पंखा जळला तर लाईट कमीजास्त होत होती. दीर असला तरी मी त्याला आठ वर्षांचा असल्यापासून वाढवलाय, म्हणून ही खोड मी हसण्यावारी नेत आले. तिथेच माझं चुकलं.

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळच्या गल्लीत आमचं घड्याळाचं दुकान आहे. माझ्या मालकांनी, बबनरावांनी, ते उभं केलं. मी दुसरी शिकलेली. इंग्रजी अक्षर मला एक ओळखू येत नाही. पण तीस वर्षं मी काउंटरवर बसलेय, आणि घड्याळ उलटं करून पाठीकडून बघितलं की ते कशाने उघडायचं हे मला गिर्‍हाइकाच्या आधी कळतं. शिकवलं कुणी नाही. बघून बघून आलं.

झाकणं तीन तऱ्हेची. पहिलं दाबाचं. त्याच्या कडेला एका जागी बारीक ओठ असतो, तिथे चाकूचं टोक टेकवून हलका पीळ दिला की टप्प करून सुटतं. दुसरं आट्याचं, बरणीच्या झाकणासारखं फिरवून बसवलेलं. त्याला ओठ नसतो, कडेने खाचा असतात. त्याला तीन पायांची किल्ली लागते. पाय खाचांत बसवायचे, वरून दाब द्यायचा आणि डावीकडे फिरवायचं. तिसऱ्याला कोपऱ्यांवर चार बारीक स्क्रू. त्याला खाचेत घट्ट बसेल तेवढ्याच पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, थोडा इकडचा, मग समोरच्या कोपऱ्यातला, असे सगळे थोडे थोडे सैल करायचे.

कमळाकर टेबलावर बसायला लागला तेव्हा येणारी घड्याळं बहुतेक दाबाचीच होती. चाकूवर त्याचा हात बसला, आणि मग तो तिथेच अडकला. "वहिनी, माझा एक चाकू सगळ्याला पुरतो," असं तो गिर्‍हाइकांसमोर सांगायचा. एकदा एका बाईंच्या चौकोनी घड्याळाचे चारही स्क्रू त्याने रुंद पात्याने असे खरवडले, की पुढे त्यांना कुठलंच पातं धरेना. तेव्हा काय म्हणाला? स्क्रू हलक्या मालाचे होते.

मालकांचा खोकला वाढला तेव्हा त्यांनी आमच्या सुनेला, जनीला, टेबलावर बसवलं. जयदेव, माझा मुलगा, कंपनीत नोकरीला. त्याला या कामाची आवड नाही. जनीला होती. उल्हासनगरला सिंधी सेठच्या दुकानात पार्ट आणायला गेली की तास तास हत्यारंच बघत बसायची. तीन पायांची किल्ली तिनेच आणली, हवा भरलेला रबराचा चेंडू पण तिनेच. आट्याचं झाकण फार आवळलेलं नसेल तर चेंडू दाबून फिरवला तरी सुटतं, आणि ओरखड्याची भीती नाही. मालक गेले. टेबलावर दोघं राहिली. तेव्हापासून कमळाकरच्या पोटात दुखायला लागलं. "दुकान दादाचं, मी दादाचा भाऊ, आणि खुर्ची सुनेला," असं तो बुवापाड्यात घरोघर सांगत फिरायचा. मला हे सगळं ऐकू यायचं. ते पण मी हसण्यावारी नेलं.

एक्याण्णव सालची गोष्ट. खरवईचे धोंडिबा एक घड्याळ घेऊन आले. त्यांच्या जावयाने मस्कतहून आणलेलं, स्टीलचं, पाण्यात चालणारं. धोंडिबा बदलापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला. दिवसभर हात पाण्यात. सेल बदलायचा होता. जनी जेवायला घरी गेली होती, म्हणून कमळाकरने घड्याळ घेतलं आणि धोंडिबा तेवढ्यात चहाला गेले. मी काउंटरवर पट्टे विकत होते, माझी पाठ टेबलाकडे. कर्र असा आवाज आला एवढं मला आठवतं. वळून पाहिलं तर कमळाकर म्हणाला, "काही नाही वहिनी, हे जनीसाठी ठेवतो. ही असली फॅशनची घड्याळं तीच करते." आणि त्याने ते तिच्या डबीत ठेवून दिलं.

जनी आली, किल्लीने झाकण उघडलं, सेल टाकला, झाकण लावलं, आणि म्हणाली, "आत्या, याच्या कडेचा पत्रा उचललाय. झाकण शेवटपर्यंत बसत नाही. कड घासून रबर बदलल्याशिवाय हे पाण्यात घालायचं नाही, त्यांना सांगा."

धोंडिबा परत आले ते ड्युटीला निघालेले, घाईत होते. मी कमळाकरला म्हटलं, "सांग त्यांना." त्याने घड्याळ धोंडिबांच्या हातात दिलं आणि सांगितलं, "एकदम ओके आहे दादा. बिनधास्त वापरा." मी ते ऐकलं, पण पट्ट्याच्या गिर्‍हाइकात गुंतले होते, जनीचा निरोप राहिला हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आठ दिवसांनी धोंडिबा परत आले. काचेच्या आतून वाफ धरलेली, काटे थांबलेले. घड्याळ काउंटरवर आपटलं नाही, पण ठेवलं ते आपटल्यासारखंच.

"बाई, जावई दिवाळीला येणार. त्याला मी काय दाखवू? पाच वर्षं याच्यात थेंब गेला नव्हता."

मी तोंड उघडायच्या आत कमळाकर पुढे. "दादा, मी तर हात पण लावला नाही. सुनबाईंनी उघडलं. ती किल्ली लोखंडाची, घसरते. हे बघा पाठीवर केवढा ओरखडा. मी किती वेळा सांगतो, हे काम बायकांचं नाही."

धोंडिबा जनीकडे बघून म्हणाले, "पोरी, येत नसेल तर घ्यावं कशाला?"

आणि मी काय केलं? इतकी वर्षं बघून बघून शिकलेल्या मी? गिर्‍हाइकासमोर दुकानाची लाज जातेय एवढंच मला दिसलं. मी जनीला म्हटलं, "ऊठ तिथून. उद्यापासून घरी भाकऱ्या थाप."

जनी उठली. हातातलं हत्यार पुसून जागेवर ठेवलं. रडली नाही, भांडली नाही. पदर सावरत एवढंच म्हणाली, "आत्या, जाते. पण ओरखडा एकदा बघा. कसा आहे ते."

कमळाकर हसला. "ओरखड्यात काय बघायचं असतं? ओरखडा तो ओरखडा."

त्या हसण्याने मला जागं केलं. इतक्या वर्षांत मी ते हसू शंभरदा पाहिलं होतं, बशीच्या वेळी, पंख्याच्या वेळी. मी मालकांचा आयग्लास डोळ्याला लावला आणि घड्याळ उजेडात धरलं.

झाकणाला सहा खाचा. एका खाचेपासून ओरखडा निघाला होता आणि इंग्रजी अक्षरांवरून पार पलीकडे गेला होता. एकच. फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ. आणि जिथून निघाला तिथे घड्याळाची कड केसाएवढी वर उचललेली, कुणी खालून उचकटल्यासारखी.

मी कमळाकरला म्हटलं, "बस खाली. भंगाराच्या डब्यात आट्याचं एक जुनं घड्याळ आहे, ते काढ."

"कशाला?"

"काढ म्हटलं ना. लाव शिकंज्यात, पक्कं आवळ. आता जनीची किल्ली घे. पाय खाचांत अर्धवट ठेव, दाब देऊ नको, आणि जोर लावून फिरव."

"घसरेल की ती."

"घसरू दे. तेच तर बघायचंय."

त्याने इकडेतिकडे बघितलं. धोंडिबा काउंटरवर वाकून उभे होते. नाइलाजाने त्याने किल्ली फिरवली. खर्र करून घसरली. मी ते भंगार घड्याळ धोंडिबांच्या समोर ठेवलं आणि त्यांचं घड्याळ शेजारी.

"दादा, तुम्हीच बघा. मी अडाणी बाई."

धोंडिबांनी आयग्लास हातातच धरून, भिंगासारखा वापरून पाहिलं. भंगाराच्या पाठीवर तीन ओरखडे होते, आखूड, वाकडे, तिन्ही एकाच वर्तुळावर. किल्लीचे तीन पाय एकदम फिरतात. घसरले तरी गोलच घसरणार, झाकणाच्या मध्यावरून आरपार कसे जातील?

"माझ्या घड्याळावर एकच आहे," धोंडिबा सावकाश म्हणाले. "आणि सरळ."

"चाकू पुढे ढकलला आणि निसटला की असाच जातो," मी म्हटलं. "कमळाकर, आता चाकू घे. त्याच भंगारावर कर्र करून दाखव. त्या दिवशी केलंस तसं."

त्याने चाकूला हात लावला नाही. किल्ली खाली ठेवत म्हणाला, "वहिनी, ती खाच मला ओठ वाटली."

"वाटली. बरं. आणि मग?"

"मग... निसटला."

"आणि जनीने सांगितलं होतं, पाण्यात घालू नका म्हणून सांगा. ते पण निसटलं?"

धोंडिबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि मला बिनधास्त म्हणालात?"

कमळाकर म्हणाला, "दादा असता तर त्याने मला असं चारचौघांत उघडं पाडलं नसतं." दादा, म्हणजे माझे मालक. मेलेल्या माणसाच्या आड लपायची ही तऱ्हा पण जुनीच.

त्याचं नंतर बघता येणार होतं. आधी माझं स्वतःचं निस्तरायचं होतं. जनी दारात चपला घालत होती. मी म्हटलं, "जनी, चपला काढ. मी न बघता बोलले. माझं चुकलं." हे वाक्य मी जन्मात किती वेळा बोलले असेन ते बोटांवर मोजता येईल, आणि सुनेला तर पहिल्यांदाच. ती येऊन खुर्चीवर बसली.

तिने आधी रबराचा चेंडू लावला. झाकण शेवटपर्यंत बसलंच नव्हतं, त्यामुळे चेंडूनेच फिरलं. आतली रबराची रिंग एका बाजूला चेपलेली आणि दुसऱ्या बाजूला नवीकोरी, म्हणजे तिथे झाकण टेकतच नव्हतं. मशीन काढून सुकवलं, साफ केलं. उचललेली कड तेलाच्या दगडाने इतकी हलक्या हाताने घासली की दगडाचा आवाज येत नव्हता. नवी रिंग, तिला ग्रीसचं बोट, मग झाकण आधी बोटांनी फिरवून आटे धरल्याची खात्री, आणि मगच किल्ली. काटे चालू लागले. धोंडिबांनी घड्याळ कानाला लावलं, मग जनीला म्हणाले, "पोरी, मघाचं माझं मनावर घेऊ नको."

"ओरखडा तसाच राहील, मामा," जनी म्हणाली. "तो काढायला गेले तर अक्षरं जातील."

"राहू दे. जावयाला सांगेन काय झालं ते."

ते गेले. कमळाकर पिशवी उचलून निघायच्या बेतात होता. मी दारात आडवी उभी राहिले आणि त्याला म्हटलं:

"कमळाकर, हात घसरला ते मी धरत नाही. तुझ्या दादाचा पण घसरायचा, आणि ते गिर्‍हाइकाला आपण होऊन सांगायचे. तू घसरलेला हात सुनेच्या मनगटाला जोडलास. आजपासून टेबल जनीचं. तू तिच्या शेजारी स्टुलावर बसायचं, प्रत्येक घड्याळ उलटं करून तिला दाखवायचं आणि विचारायचं, हे कशाने उघडू. ती सांगेल ते हत्यार घ्यायचं. विचारायची लाज वाटत असेल तर इथे काउंटरवर माझ्या जागी ये आणि पट्टे विक. त्याला काही उघडावं लागत नाही."